‘टायपिंग…’ येतं, जातं, पुन्हा येतं : अशा वेळी उत्तर कसं द्यावं

व्हॉट्सॲपवर कोणीतरी ‘हॅलो’ पाठवतं आणि तुम्ही बघेपर्यंत डिलीट करतं. मग नावाखाली ‘टायपिंग…’ दिसतं, जातं, परत दिसतं. पाच मिनिटं हाच खेळ चालतो, मेसेज मात्र येत नाही. अशा वेळी आपण बहुतेक दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर लगेच ‘काय रे, काय डिलीट केलंस?’ असं विचारतो, नाहीतर ‘असेल काहीतरी’ म्हणून फोन बाजूला ठेवतो. दोन्हींत समोरच्याच्या मनातलं मनातच राहतं.

हा लेख ओळखीच्या, त्यातही वयाने किंवा मानाने आपल्यापेक्षा लहान असलेल्या माणसाबद्दल आहे. भाचा, पुतणी, ऑफिसात हाताखाली काम करणारा मुलगा, जुना विद्यार्थी. मोठ्या माणसाला काही सांगायचं म्हणजे त्यांना आधी शब्द जुळवावे लागतात, आणि हे ‘टायपिंग…’ बहुतेक वेळा त्या जुळवाजुळवीचंच असतं.

आधी खूण नीट वाचा

‘टायपिंग…’मधून समोरच्याने काय लिहिलं ते तुमच्यापर्यंत येत नाही. त्याचं ॲप फक्त एवढंच कळवतं की बोटं चालू आहेत किंवा थांबली आहेत. थोडा वेळ काही टाइप झालं नाही की खूण विझते, एक अक्षर जरी दाबलं तरी पुन्हा उजळते. खोडतानाही ती दिसू शकते. म्हणजे लुकलुकण्यावरून तो अडखळतोय की नुसताच हळू लिहितोय, हे सांगता येत नाही. मराठी कीबोर्डवर ‘kasa ahes’ लिहून सुचवण्यांतून ‘कसा आहेस’ निवडणारा माणूस मध्येमध्ये थांबतोच. नेटवर्क कच्चं असलं तरी खूण अशीच तुटक दिसते.

म्हणून नुसत्या लुकलुकण्यावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका. पाठवलेला ‘हॅलो’ डिलीट झाला असेल, वेळ आडनिडी असेल, आणि हा माणूस एरवी सणावारालाच मेसेज करणारा असेल, तर मात्र काहीतरी अडलंय असं धरून चालायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तुम्ही त्याला बघताय तसा तोही तुम्हाला बघतोय. ‘ऑनलाइन’ दिसणं 2022 पासून सेटिंगमधून लपवता येतं, पण बरेच जण ते लपवत नाहीत. ‘टायपिंग…’ बंद करायची सोय तर व्हॉट्सॲपमध्ये नाहीच. (सिग्नलमध्ये आहे, पण तिथे आपली खूण बंद केली की दुसऱ्याचीही दिसत नाही.) तेव्हा चॅट उघडी ठेवून तुम्ही वाट बघत बसलात, तर त्याला वर ‘ऑनलाइन’ दिसत राहतं. समोर कोणी टक लावून बसलं असेल तर अवघड वाक्य आणखीच अवघड होतं.

पहिली दोन मिनिटं काही लिहू नका

इथे लिहू नका म्हणजे टाइपसुद्धा करू नका. तुम्ही ‘बोल ना’ एवढं लिहायला घेतलंत तरी त्याच्याकडे ‘टायपिंग…’ उमटतं आणि ‘मामा काहीतरी लिहितोय, आधी ते बघू’ म्हणून तो थांबतो. तो थांबला म्हणून तुम्हीही थांबता. दोघांच्या खुणा आळीपाळीने पेटतात आणि निघत काहीच नाही. काय लिहायचं ते मनातच ठरवा. मोठं लिहायचं असेल तर नोट्समध्ये लिहून इथे पेस्ट करा.

दोन मिनिटं हा माझा अंदाज आहे, नियम नाही. लिहिणाऱ्याला एक पूर्ण प्रयत्न करायला तेवढा वेळ पुरतो. त्यापुढे खूण येत-जात राहिली तर तुम्ही बोलायची वेळ झाली.

एकच ओळ, आणि तिला सोपं उत्तर हवं

‘काय झालं?’ हा प्रश्न आपल्याला आपुलकीचा वाटतो. पण त्याचं उत्तर म्हणजे नेमकी तीच गोष्ट, जी त्याला लिहिता येत नाहीये. ‘सगळं ठीक ना?’ तर त्याहून वाईट, कारण त्याला ‘हो’ म्हणून सुटता येतं आणि तो सुटतोच. डिलीट केलेल्या मेसेजचा उल्लेख टाळाच. तुम्ही नोटिफिकेशनमध्ये तो वाचला असला, तरी त्याने मागे घेतलेली गोष्ट त्याच्यासमोर परत धरू नये.

ओळीत तीन गोष्टी असाव्यात : त्याचं घरातलं नाव, तुम्ही जागे आणि मोकळे आहात ही माहिती, आणि एका शब्दात उत्तर देता येईल असा पर्याय. उदाहरणार्थ :

‘सोनू, जागाच आहे मी. लिहायचा कंटाळा आला असेल तर फोन करू का?’

किंवा, फोनवर बोलायला अडचण असेल असं वाटलं तर (हॉस्टेलच्या खोलीत तिघं असतात) :

‘सोनू, जागाच आहे. अर्धवट लिहिलंस तरी चालेल, व्हॉइस नोट टाकलीस तरी चालेल. उद्या बोलू म्हणालास तरी चालेल.’

‘उद्या’ हा पर्याय मला महत्त्वाचा वाटतो. तो दिला नाही तर मेसेजचा अर्थ ‘आत्ताच्या आत्ता सांग’ असा होतो.

ओळ पाठवली की ॲपमधून बाहेर या. नुसती चॅट बंद करून उपयोग नाही, ॲप समोर उघडं असेपर्यंत तुम्ही ऑनलाइन दिसता. नोटिफिकेशनचा आवाज मात्र चालू ठेवा. त्याने काही लिहिलंच, तर त्या वेळी उत्तर लवकर जायला हवं.

समजा, तो लिहितो

हा सोनू पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे असं धरू. पहिला मेसेज येतो तो असा : ‘काही नाही मामा, सहज.’ हे खरं उत्तर नव्हे. तुमच्या आवाजात राग आहे का, याची ही चाचपणी असते. इथे ‘बरं, झोप मग’ म्हणू नका आणि उलटतपासणीही घेऊ नका. ‘बरं झालं केलास मेसेज. जेवलास का?’ एवढं पुरे. जेवणाचा प्रश्न आपल्याकडे कुठेही खपतो, आणि त्याचं उत्तर देताना हात लिहिता होतो.

मग येतं : ‘मेसमध्ये. मामा, घरी सांगणार नसशील तर एक सांगू?’

इथे मोठी माणसं घाईने शब्द देऊन बसतात. ऐकायच्या आधी वचन देऊ नका. उद्या मोडावं लागलं तर पुढचा ‘हॅलो’ येणार नाही. खरं तेवढंच लिहा : ‘तुला विचारल्याशिवाय कोणाला काही सांगणार नाही. सांग.’ न सांगण्याची हमी यात नाही, पण त्याला न कळवता काही होणार नाही याची आहे.

‘रिझल्ट लागला. तीन बॅक लागल्या.’

आता तुमच्या बोटांवर ‘तीन?’ येईल. ‘तरी मी म्हणत होतो’ येईल. दोन्ही गिळा. पहिलं उत्तर छोटं आणि लगेच जाऊ द्या : ‘बरं. कळलं. सांगितलंस ते चांगलं केलंस.’ मोठा मेसेज लिहायला घेतलात तर आता तो तुमचं ‘टायपिंग…’ बघत बसेल, आणि अशा वेळी तीन मिनिटं चाललेलं ‘टायपिंग…’ म्हणजे भाषणच येणार, असं मुलं धरून चालतात. दोन-दोन ओळींचं लिहा. कोणते विषय, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी, फी किती, हे एकेक करून विचारा. तारखेचा प्रश्न आधी, कारण ती उलटली तर लेट फी बसते आणि बाबांना सांगायची गोष्ट आणखी जड होते. घरी कसं सांगायचं ते शेवटी, आणि तेही शक्यतो दुसऱ्या दिवशी फोनवर.

मात्र या गप्पांमध्ये ‘सगळं नकोसं झालंय’, ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचं काही आलं, तर आडवळणाने जाऊ नका. ‘जीव द्यायचे विचार येतायत का?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. तेव्हा मेसेज सोडून सरळ फोन लावा, तो उचलत नसेल तर रूममेटला किंवा हॉस्टेलच्या रेक्टरला लावा. लगेचचा धोका वाटला तर 112. ‘टेलि-मानस’ची 14416 ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. वर दिलेलं वचन इथे लागू होत नाही, आणि तसं त्याला सांगूनच पुढे जा.

काहीच आलं नाही तर

लुकलुकणं थांबलं आणि तुमच्या ओळीवर फक्त निळ्या टिक आल्या, तर त्या रात्री दुसरी ओळ पाठवू नका. ‘??’ तर नकोच. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर साधा, उत्तराची अपेक्षा नसलेला मेसेज करा. घरच्या आंब्याच्या पेटीचा फोटो, मांजराचा फोटो, काहीही. त्यात कालचा विषय काढू नका. यात एक तांत्रिक फायदाही आहे : अर्धवट लिहून न पुसलेला मजकूर त्याच्या चॅटमध्ये ड्राफ्ट म्हणून राहतो. तुमचा फोटो बघायला त्याने चॅट उघडली की कालचं वाक्य खाली तयार असतं, आणि दिवसा ते रात्रीइतकं अवघड वाटत नाही.

त्यावरही काही नसेल तर दोन-तीन दिवसांनी एक फोन करा. त्यात एकदाच ‘परवा रात्री तू काही लिहीत होतास, माझ्याजोगं काही असेल तर सांग’ म्हणा आणि विषय बदला. कदाचित खरंच काही नसेल. ‘हॅलो’ दुसऱ्याच कोणाला पाठवायचा असेल.

जिथे हे सगळं करू नये

अनोळखी नंबरवरून आलेल्या ‘हॅलो, ओळखलंत का?’ला यातलं काही लागू नाही. ब्लॉक करा. ओळखीच्या नंबरवरून आधी अशी घुटमळ, मग ‘अर्जंट पैसे हवेत’ किंवा ‘तुला एक ओटीपी आलाय तो सांग’ असं आलं, तर ते खातं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असू शकतं. व्हॉट्सॲप कॉल न करता साधा फोन लावा आणि त्याचा आवाज ऐका. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.