टेक्स्चर हाताने रंगवण्यापूर्वीची तयारी: लोखंडी पट्ट्यांच्या एका पेटीच्या निमित्ताने

ही यादी एका लाकडी पेटीच्या त्रिमितीय मॉडेलसाठी केली आहे; त्याच्यावर चढवायचे चित्र म्हणजे टेक्स्चर. पेटी एक मीटर रुंद, साठ सेंटिमीटर खोल आणि पन्नास सेंटिमीटर उंच आहे. तिच्यावर लोखंडी पट्ट्या आहेत, दर्शनी बाजूच्या मधल्या फळीवर लाल रंग आहे आणि झाकण उघडते. ती दुपारच्या उन्हात, संध्याकाळच्या दिव्यात आणि चांदण्यात, अशा तिन्ही प्रकाशांत दिसणार आहे, आणि तिन्ही ठिकाणी ती तीच पेटी वाटली पाहिजे. त्यासाठीची बहुतेक कामे ब्रश हातात घेण्यापूर्वीच करायची असतात. रंगवून झाल्यावर दोष सापडला, तर तो झाकण्यासाठी आणखी रंग चढवला जातो आणि गोंधळ वाढतो.

पहिली तपासणी मॉडेलचीच करावी. ब्लेंडर या त्रिमितीय कामाच्या प्रोग्राममध्ये पेटी निवडून `Ctrl+A` दाबावे आणि स्केल लागू करावे, कारण मॉडेल एका दिशेने ताणलेले असेल तर अनरॅपही, म्हणजे पृष्ठभाग उलगडून सपाट चित्रावर केलेली मांडणीही, त्याच प्रमाणात चुकतो आणि तपासणीच्या नमुन्यातल्या चौकटी लांबुळक्या दिसतात. नंतर `Face Orientation` चालू करून बाहेरून कोणताही पृष्ठभाग लाल दिसत नाही ना, हे पाहावे. एखादा लाल दिसला तर तो उलटा आहे, आणि पुढे त्याच्यावर पडणारा प्रकाशही विचित्र वागेल. यात फार वेळ जात नाही, म्हणून हे टाळू नये.

अनरॅपसाठी सीम, म्हणजे उलगडण्याचे काप, कुठे द्यायचे हे ठरवताना एकच प्रश्न विचारावा: इथे रंग तुटला तर तो नैसर्गिक वाटेल का? पेटीच्या कोपऱ्यावर लाकडाच्या रेषा तशाही थांबतात, पट्टीच्या कडेला पदार्थच बदलतो, आणि तळ कोणाच्या नजरेस पडत नाही. सीम अशाच ठिकाणी द्यावेत, सपाट फळीच्या मधून कधीही नेऊ नयेत. प्रत्येक फळीचा आयलंड, म्हणजे उलगडलेला सुटा तुकडा, चित्राच्या कडेला समांतर, सरळ ठेवावा, कारण तिरक्या आयलंडवर काढलेली बारीक रेषा पायऱ्यापायऱ्यांची दिसते आणि हे दातरे कडक प्रकाशात प्रथम उठून येतात.

जागेचा हिशेब कागदावर करून घ्यावा. एक मीटरला १०२४ पिक्सेल, म्हणजे सेंटिमीटरला साधारण दहा, अशी घनता ठरवली, तर पेटीच्या सहाही बाजूंचे मिळून २.८ चौरस मीटर क्षेत्र २०४८ बाय २०४८ च्या चित्राची सत्तर टक्के जागा घेते. तळाची घनता निम्मी केली की तळाला लागणारी जागा एकचतुर्थांश होते आणि एकूण व्याप साठ टक्क्यांच्या आत येतो. उरलेल्या जागेत पट्ट्या आणि कुलूप सहज मावतात. सारख्या पट्ट्या एकावर एक ठेवून जागा वाचवायला हरकत नाही, पण त्या पट्टीवर डावी-उजवी अशी प्रकाशाची दिशा रंगवायची नाही, हे तेव्हाच ठरवून टाकावे. नाहीतर डावीकडच्या पट्टीवर ऊन एका बाजूने आणि उजवीकडच्या पट्टीवर दुसऱ्या बाजूने पडलेले दिसेल. शेवटी मॉडेलवर चौकटींचा नमुना टाकून चौरस सगळीकडे सारख्या आकाराचे आहेत ना, हे पाहावे. तळावर ते मोठे दिसतील आणि तसे दिसणेच बरोबर आहे.

आयलंडांच्या भोवती मोकळी जागा किती सोडायची, याचा रंगांच्या सातत्याशी थेट संबंध आहे. पेटी दूर गेली की इंजिन, म्हणजे दृश्य पडद्यावर काढणारा प्रोग्राम, तिच्यासाठी लहान केलेले चित्र वापरते: २०४८ चे १०२४, मग ५१२, मग २५६. मूळ चित्रात सोळा पिक्सेलचा समास सोडला असेल तर २५६ च्या चित्रात तो दोनच उरतो. त्या समासात पार्श्वभूमीचा काळा रंग असेल तर तो कडेच्या रंगात मिसळतो आणि दुरून पेटीच्या कोपऱ्यांवर काळसर रेघ दिसते, जी जवळ गेल्यावर नाहीशी होते. म्हणून किमान सोळा पिक्सेल सोडावेत आणि रिकामी जागा काळी न ठेवता शेजारच्याच लाकडाच्या मूळ रंगाने भरावी.

आता रंग पाहण्याची सोय. पडद्याचा रात्रीचा पिवळसर मोड बंद करावा आणि उजेड एकाच पातळीवर ठेवावा. ब्लेंडरमध्ये रंग पडद्यावर कसे दाखवायचे हे ठरवणारे `View Transform` तपासावे. ४.० आवृत्तीपासून तिथे `AgX` हे मूळचे मूल्य असते. ते अंतिम दृश्यासाठी उत्तम असले, तरी टेक्स्चर रंगवताना ते गडद आणि तीव्र रंगांना थोडे विझवून दाखवते. माझ्याकडून एकदा ही चूक झाली आहे. एका दाराचा लाल रंग मला सतत मळकट दिसत होता, म्हणून मी तो वाढवत गेलो, आणि तेच चित्र इंजिनमध्ये उघडले तेव्हा दार प्लास्टिकसारखे भडक निघाले. तेव्हापासून रंगवताना तिथे `Standard` ठेवतो आणि `AgX` फक्त शेवटच्या पाहणीसाठी वापरतो. रंगाच्या चित्राची कलर स्पेस `sRGB` असावी आणि खरखरीतपणाच्या किंवा पृष्ठभागाची दिशा सांगणाऱ्या नॉर्मलच्या चित्राची `Non-Color` असावी. ही अदलाबदल झाली तर रंग धुतल्यासारखे दिसतात आणि चकाकी व उठाव चुकतात.

मटेरियलमध्ये एक सापळा आहे. पट्ट्या लोखंडाच्या आहेत म्हणून `Metallic` एकवर नेण्याचा मोह होतो, पण तसे केले की रंगवलेला राखाडी हा स्वतःचा रंग न राहता प्रतिबिंबाची छटा बनतो आणि अंधाऱ्या खोलीत पट्टी काळी पडते. हाताने रंगवलेल्या कामात ते शून्य ठेवावे, `Roughness` ०.८ ते ०.९ च्या दरम्यान ठेवावे आणि धातूचा भास ब्रशने द्यावा.

यादीतला सर्वात महत्त्वाचा भाग म्हणजे रंगांची पट्टी. फळीसाठी तपकिरी (तांबडा १५०, हिरवा १००, निळा ६०), लोखंडासाठी निळसर राखाडी (७०, ७२, ७८) आणि लाल भागासाठी एक लाल, असे तीन मूळ रंग आधी ठरवून घ्यावेत. लाल निवडताना पहिला हात सहसा शुद्ध लालाकडे जातो, म्हणजे २००, ०, ०. मॉडेलवर दिसणारा रंग म्हणजे साधारणपणे पृष्ठभागाचा रंग गुणिले प्रकाशाचा रंग, आणि हा गुणाकार पडद्यावरच्या ० ते २५५ च्या आकड्यांवर न होता त्यांच्या रेषीय, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणातल्या, मूल्यांवर होतो. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच येते. समजा, चांदण्याचा प्रकाश तांबडा ०.२, हिरवा ०.४ आणि निळा १.० आहे. त्यात तो शुद्ध लाल ९५, ०, ० होतो. आजूबाजूचे सगळे निळसर झालेले असताना या भागात निळ्याचा कणही नसतो, त्यामुळे तो कापून चिकटवल्यासारखा दिसतो. त्याऐवजी १९०, ५०, ४५ घेतला, तर त्याच चांदण्यात तो ९०, ३०, ४५ होतो. हा जांभळट, वाइनसारखा लाल निळ्या रात्रीत मिसळतो आणि तरीही लाल म्हणून ओळखू येतो. नियम म्हणून, कोणत्याही रंगाच्या तिन्ही आकड्यांपैकी एकही शून्यावर किंवा २५५ वर नेऊ नये. मी स्वतः मूळ रंगांसाठी ३० ते २४० ही हद्द पाळतो.

रंगांची पट्टी ठरली की त्यांची उजळता एकमेकांशी ताडून पाहावी. दिवसाच्या पांढऱ्या प्रकाशात वरचा लाल या लोखंडाच्या सुमारे दुप्पट उजळ असतो, त्यामुळे पट्ट्या स्पष्ट उठून दिसतात. चांदण्यात मात्र लालाचा मोठा वाटा नाहीसा होतो आणि निळसर राखाडीचा त्यामानाने कमी होतो, त्यामुळे दोघांत जेमतेम सव्वापटीचा फरक उरतो. लाल फळीवरची पट्टी फळीतच विरघळते, आणि दिवसा पाहून हे कधीच लक्षात येत नाही. इथे लोखंड ४८, ५०, ५६ इतके गडद केले की चांदण्यातही लाल त्याच्या जवळजवळ अडीच पट उजळ राहतो. हा बदल रंगांची पट्टी ठरवताना दोन मिनिटांचा आहे. रंगवून झाल्यावर तोच बदल प्रत्येक खिळ्याच्या कडेला पुन्हा करावा लागतो.

रंगचित्रात किती प्रकाश रंगवायचा, हेही आधी लिहून ठेवावे. या पेटीसाठी माझा निर्णय असा की ज्या गोष्टी प्रकाशाची दिशा बदलली तरी खऱ्या राहतात तेवढ्याच रंगवायच्या: फळ्यांच्या फटीतला गडदपणा, झिजलेल्या कडांची उजळ रेघ आणि पट्टीखाली साचलेली धूळ. फटीसाठी काळा वापरू नये. लाकडाचाच गडद भाऊ, साधारण ९२, ५६, ३८, वापरावा, कारण इंजिन स्वतः फटींमध्ये सावली टाकत असेल तर काळ्यावर काळे चढून फट भोकासारखी दिसते. वर उजळ आणि खाली गडद अशी हलकी छटा पेटीच्या अंगावर चालते, पण झाकणावर देऊ नये. झाकण उघडले की ती छटा झाकणाबरोबरच फिरते आणि चुकलेली दिसते. ठळक पडछाया आणि चकाकीचा पांढरा ठिपका तर अजिबात रंगवू नये. ते काम प्रकाशाचे आहे.

एवढे झाल्यावर चाचणीचे तीन दिवे मांडून फाइल जतन करावी: एक पांढरा, एक संध्याकाळचा (१.०, ०.६, ०.३) आणि वरचा चांदण्याचा. ब्लेंडरमधल्या दिव्याच्या रंगाचे आकडे रेषीयच असतात, त्यामुळे ते तसेच भरता येतात. मूळ तीन रंग फक्त सपाट भरून, एकही बारकावा न काढता, पेटी या तिन्ही दिव्यांखाली फिरवून पाहावी. मग डोळे किलकिले करून, म्हणजे अर्धवट मिटून, पट्ट्या आणि लाल फळी वेगळ्या दिसतात का, हे तपासावे. संध्याकाळच्या दिव्यात तपकिरी आणि लाल एकमेकांजवळ सरकतात. तिथे लाल थोडा गडद करण्यापेक्षा फळीचा तपकिरी किंचित पिवळसर करणे मला अधिक चांगले वाटते, कारण लाल आधीच चांदण्यासाठी जुळवलेला असतो. बदल केल्यावर पुन्हा तिन्ही दिवे पाहावेत, आणि मगच पहिल्या फळीवर लाकडाची रेष ओढावी.