कळफलकावरून देश ओळखताना या चुका टाळा

जुन्या लॅपटॉपचे किंवा टंकलेखन यंत्राचे छायाचित्र पाहून ते कोणत्या देशातील वापरासाठी तयार झाले असावे, हे सांगताना सर्वाधिक गफलत होते ती Z आणि Y या दोन अक्षरांपाशी. वरच्या ओळीत QWERTY ऐवजी QWERTZ दिसले की पाहणारा लगेच ‘जर्मनी’ असे उत्तर देतो. ही मांडणी जर्मनीत आहेच. परंतु ती ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, चेक प्रजासत्ताक, हंगेरी, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया येथेही आढळते. अदलाबदल झालेली अक्षरे केवळ घराणे सांगतात. देशाचा शोध त्यानंतर सुरू होतो, आणि त्यासाठी नजर P, L आणि 0 यांच्या उजवीकडील कळांकडे न्यावी लागते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, छायाचित्रातील लॅपटॉपवर QWERTZ आहे, P च्या शेजारी ü आणि L च्या शेजारी ö व ä आहेत. येथवर जर्मनीचा अंदाज रास्त वाटतो. आता 0 च्या उजवीकडील कळ पाहावी. जर्मन मांडणीत तेथे ß असतो. आपल्या छायाचित्रात मात्र तेथे उद्गारचिन्ह किंवा ß नसून अपॉस्ट्रॉफी आणि प्रश्नचिन्ह आहे. अंकांच्या ओळीत 1 वर + आणि 4 वर ç छापलेला दिसतो, तर जर्मन कळफलकावर 1 वर उद्गारचिन्ह आणि 3 वर § असते. शिवाय ü च्याच कळेवर è, ö च्या कळेवर é आणि ä च्या कळेवर à आहे. हा लॅपटॉप स्वित्झर्लंडचा आहे. त्या देशात जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या भाषा एकाच कळफलकावर सामावून घ्याव्या लागतात, म्हणून शिफ्टची जागा मोठ्या Ü ला न देता दुसऱ्या भाषेच्या लहान अक्षराला दिलेली आहे. आणि स्विस लेखनात ß वापरत नसल्यामुळे त्याला कळच नाही. स्विस टंकलेखन यंत्रांवरही हीच खूण उपयोगी पडते.

कळांवरील शब्दही वाचावेत. जर्मन लॅपटॉपवर कंट्रोलच्या कळेवर Strg आणि डिलीटच्या कळेवर Entf असे छापलेले असते, स्विस लॅपटॉपवर मात्र Ctrl असते. ही कसोटी अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालत नाही, कारण तेथे Strg छापत नाहीत.

याच घराण्यातील हंगेरीचा कळफलक ő आणि ű या दोन अक्षरांमुळे पटकन ओळखता येतो, आणि तेथे 0 ही कळ 1 च्या डावीकडे असते. चेक कळफलकावर अंकांच्याच ओळीत ě, š, č, ř, ž दिसतात. परंतु š, đ, č, ć, ž ही पाच अक्षरे P आणि L यांच्या आसपास दिसली, तर क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया आणि सर्बिया यांपैकी एकाच देशाचे नाव ठामपणे घेऊ नये, कारण ती मांडणी या सर्वांची सामायिक आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्याबाबतही हेच खरे आहे.

दुसरी मोठी चूक म्हणजे निर्मात्याच्या नावावरून निष्कर्ष काढणे. हर्मीस बेबी हे टंकलेखन यंत्र स्वित्झर्लंडमधील इव्हेर्डाँ येथे तयार होत असे, पण ते अनेक देशांच्या मांडण्यांत विकले गेले. म्हणून त्यावरील नाव कारखाना सांगते, वापराचा देश नव्हे. इटालियन टंकलेखन यंत्रांची वेगळी गंमत आहे. त्यांवर QZERTY ही मांडणी असते, म्हणजे Z आणि W यांची अदलाबदल असते, आणि Z वरच्या ओळीत दिसल्यामुळे अनेकजण त्याला फ्रेंच समजतात. फ्रेंच मांडणीत पहिले अक्षर A असते, इटालियनमध्ये Q. एवढे पाहिले तरी गोंधळ टळतो. जुन्या यंत्रावर 1 ही कळ नसणे ही कोणत्याही देशाची खूण मानू नये, कारण त्या काळी अनेक देशांत लहान l कडूनच एकचे काम करून घेत.

यंत्र हातात असेल, तर टंकून उमटलेल्या अक्षरांवर विसंबू नये. संगणकाला कळेवर काय छापले आहे हे कळत नाही; त्याला केवळ कळेची जागा कळते, आणि अक्षर सेटिंगमधील मांडणीप्रमाणे उमटते. म्हणून जर्मन लॅपटॉपवर अमेरिकी मांडणी निवडलेली असेल, तर Z लिहिलेली कळ दाबल्यावर y उमटतो. निर्णय छापील अक्षरांवरूनच करावा, आणि त्याआधी कळांवर स्टिकर चिकटवलेले नाहीत याची खात्री करून घ्यावी.

अक्षरे अस्पष्ट असतील, तर एंटरची कळ पाहावी. युरोपातील बहुतेक मांडण्यांत ती दोन ओळी व्यापणारी उंच असते, आणि डाव्या शिफ्टच्या शेजारी < व > यांची एक जादा कळ असते. एंटर आडवी आणि एकाच ओळीतील असली म्हणून अमेरिकेचे नाव घेऊ नये: पोलंड, नेदरलँड्स आणि भारत येथील पुष्कळ लॅपटॉप याच मांडणीचे असतात. भारतीय लॅपटॉपवर 4 च्या कळेवर ₹ असण्याची शक्यता असते, पण हे चिन्ह 2010 मध्ये स्वीकारले गेले असल्यामुळे त्याआधीच्या यंत्रावर ते शोधून उपयोग नाही.