फुलांचे आणि कीटकांचे जवळून फोटो काढताना या चुका टाळा

कास पठारावर सप्टेंबरमध्ये सीतेची आसवं फुलतात. ते जेमतेम सेंटिमीटरभर निळे-जांभळे फूल चौकटीत मोठे दिसावे म्हणून आपण फोन त्याच्या अगदी जवळ नेतो आणि पहिली चूक तिथेच होते. मुख्य कॅमेऱ्याला ठरावीक अंतराच्या आत फोकस करताच येत नाही. बऱ्याच फोनमध्ये हे अंतर ८ ते १५ सेंटिमीटर असते, काहींमध्ये त्याहूनही जास्त. आपल्या फोनचे अंतर घरीच पाहून ठेवावे: टेबलावर छापील कागद ठेवून फोन हळूहळू खाली आणावा आणि अक्षरे पुसट होऊ लागली की मोजपट्टीने अंतर मोजावे. पठारावर त्याहून दोन-तीन सेंटिमीटर मागे राहून २x झूम वापरावा किंवा नंतर फोटो कापून घ्यावा.

काही फोन फार जवळ गेल्यावर आपणहून अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातात; स्क्रीनवरचे दृश्य किंचित उडी मारते, त्यावरून ते कळते. हा कॅमेरा दोन-तीन सेंटिमीटरवरूनही फोकस करतो, पण तेवढ्या अंतरावर फोनची सावली फुलावर पडते आणि कीटक तर उडूनच जातो. म्हणून कीटकांसाठी ही सोय बंद ठेवणे मला योग्य वाटते.

फोटो पुसट आला, तर कारण फोटोतच सापडते. फुलाच्या पुढचे किंवा मागचे गवत रेखीव असेल, तर फोकस चुकला आहे. फुलाच्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील आणि शेजारचा दगड स्पष्ट असेल, तर दोष वाऱ्याचा आहे. फूल सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने डोलत असेल, तर १/१०० सेकंदात ते १ मिलिमीटर सरकते, म्हणजे सेंटिमीटरभर फुलाचा दहावा भाग. १/१००० सेकंदात हेच सरकणे ०.१ मिलिमीटरवर येते. त्यामुळे प्रो मोडमध्ये शटर वेगवान ठेवावे, आयएसओ वाढल्याने येणारे थोडे दाणे चालवून घ्यावेत आणि वाऱ्याची झुळूक ओसरताच सलग पाच-सहा फोटो घ्यावेत.

पार्श्वभूमीत चूक होते ती उभे राहून वरून फोटो काढल्याने. तेव्हा फुलाच्या लगेच मागे गवत आणि चिखल येतो आणि तो फारसा धूसर होत नाही. पायवाट न सोडता खाली बसून फोन उलटा धरला, तर लेन्स जमिनीलगत येते, फुलामागची मोकळी जागा दूरवर जाते आणि फूल तिच्यापुढे वेगळे उठून दिसते. पोर्ट्रेट मोडने हेच साधायला गेल्यास अनेकदा कीटकाच्या मिशा आणि पंखांच्या कडा पुसल्या जातात.

चतुरासाठी मात्र थोडे थांबणे फायद्याचे ठरते. काही जातींचे चतुर उडाल्यावर पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात, म्हणून तो नसतानाच काडीच्या टोकावर बोट दाबून धरून फोकस लॉक करावा आणि फोन न हलवता त्याची वाट पाहावी.