रोडिओला आणि ‘अ‍ॅडाप्टोजेन’ : या चुका टाळा

रोडिओला ही वनस्पती अ‍ॅडाप्टोजेन म्हणून, म्हणजे शरीराला ताण सोसायला मदत करणारे द्रव्य म्हणून सांगितली जाते. पण अ‍ॅडाप्टोजेन हा बीटा-ब्लॉकर किंवा स्टॅटिन यांच्यासारखाच औषधांचा एक वर्ग आहे असे धरून चालणे, ही या विषयातली मूळ चूक आहे. बीटा-ब्लॉकर म्हटले की औषध पेशींवरचा कोणता रिसेप्टर अडवते हे कळते. अ‍ॅडाप्टोजेन म्हटल्यावर मात्र कोणता परिणाम अपेक्षित आहे एवढेच कळते, तो कोणत्या मार्गाने होतो हे कळत नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव्ह यांनी १९४७ मध्ये ही कल्पना मांडली, तीही डिबाझोल या कृत्रिम औषधाच्या अभ्यासावरून. तेव्हा अ‍ॅडाप्टोजेन म्हणजे वनस्पतीच, हा समजही मुळात टिकत नाही. पुढे १९६० च्या दशकात ब्रेखमन आणि दार्दिमोव्ह यांनी तीन अटी घातल्या: द्रव्याने निरनिराळ्या प्रकारच्या ताणांविरुद्ध शरीराची सर्वसाधारण प्रतिकारशक्ती वाढवावी, बिघडलेली स्थिती वर गेली असो वा खाली, ती पूर्वपदावर आणावी, आणि नेहमीच्या कार्यात शक्य तितका कमी व्यत्यय आणावा. यांतली दुसरी अट प्रयोगाने पडताळणे फार कठीण आहे, कारण कोणताही बदल ‘पूर्वपदावर आला’ असे सांगता येतो. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने २००८ मध्ये ही संज्ञा औषधशास्त्रात मान्य झालेली नसल्याचे नमूद केले, ते मला रास्त वाटते.

दुसरी चूक म्हणजे ‘रोडिओला कॉर्टिसोल कमी करते’ हे वाक्य जसेच्या तसे स्वीकारणे. ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो, त्यावरून पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरे संप्रेरक सोडते, आणि अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक स्रवते. मग हेच कॉर्टिसोल वरच्या दोन्ही ठिकाणांना थांबण्याचा संकेत देते. रोडिओलाविषयी मांडलेले गृहीतक असे आहे, की ती पेशींतल्या एचएसपी-७० सारख्या संरक्षक प्रथिनांना चालना देते आणि जेएनके या ताणाने जागृत होणाऱ्या एन्झाइमला आवर घालते, त्यामुळे थांबण्याचा संकेत नीट ऐकला जातो आणि ताणाची लाट बेताची राहते. सशांना बांधून ठेवून केलेल्या एका प्रयोगात कॉर्टिसोल आणि सक्रिय जेएनके यांची वाढ खरोखरच रोखली गेली. मात्र बांधलेला ससा आणि महिनोन्महिने थकलेला नोकरदार यांच्यातले अंतर मोठे आहे.

माणसांवरचा पुरावा पाहताना स्वीडनमधला २००९ चा प्रयोग नेहमी पुढे केला जातो. त्यात ताणजन्य थकव्याच्या ६० व्यक्तींपैकी निम्म्यांना रोडिओलाचा एसएचआर-५ हा अर्क रोज ५७६ मिलिग्रॅम असा २८ दिवस दिला. जागे झाल्यावर कॉर्टिसोल जी उसळी घेते, ती अर्क घेणाऱ्यांत कमी झाली आणि थकव्याच्या एका मोजपट्टीवर फरक दिसला. परंतु प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली सारखी दिसणारी गोळी, घेणाऱ्यांचीही अनेक लक्षणे सुधारली, आणि लेखकांपैकी एक जण अर्क बनवणाऱ्या संस्थेशी संबंधित होता. उलट २०१४ मध्ये कॅनडातल्या पाळीत काम करणाऱ्या ४८ परिचर्या-विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात थकव्याच्या बाबतीत प्लासिबोच सरस ठरला. तसेच घरगुती पडताळणीसाठी आधी सकाळी आणि महिन्याने संध्याकाळी कॉर्टिसोल तपासून ‘फरक पडला’ म्हणणाऱ्यांनी सावध राहावे: संध्याकाळचे कॉर्टिसोल एरवीही सकाळपेक्षा बरेच कमी असते.

तिसरी चूक बाटलीवरच्या मजकुरात लपलेली असते. ‘रोडिओला ५०० मिलिग्रॅम’ म्हणजे मुळांची पूड की अर्क, हे पाहिल्याशिवाय तुलना निरर्थक आहे. अभ्यासांत वापरलेल्या रोडिओला रोझिया या प्रजातीच्या अर्कांत साधारण ३ टक्के रोझाविने आणि १ टक्का सॅलिड्रोसाइड ही सक्रिय मानलेली द्रव्ये असल्याचे सांगितले जाते, म्हणजे ४०० मिलिग्रॅम अर्कात अनुक्रमे सुमारे १२ आणि ४ मिलिग्रॅम. फक्त सॅलिड्रोसाइडचे प्रमाण लिहिलेले असेल तर शंका घ्यावी, कारण ते इतर प्रजातींतही सापडते, तर रोझाविने रोझियाची ओळख मानली जातात. लडाखमधली ‘सोलो’ ही मुख्यतः रोडिओला इम्ब्रिकाटा ही वेगळी प्रजाती आहे. रोझियाचे निष्कर्ष तिला आपोआप लागू होत नाहीत.

युरोपीय समितीने रोडिओलाला ताणातला थकवा आणि अशक्तपणा यांच्या तात्पुरत्या उपशमासाठी जी मान्यता दिली, तीही दीर्घ पारंपरिक वापराच्या आधारे, सिद्ध परिणामकारकतेच्या आधारे नव्हे. त्यात दिवसाला जास्तीत जास्त ४०० मिलिग्रॅम अर्क, मात्रा नाश्त्यापूर्वी आणि दुपारच्या जेवणापूर्वी, आणि १८ वर्षांखालील व्यक्तींना नको, असे सांगितले आहे. दोन आठवड्यांनंतरही लक्षणे राहिली, तर मात्रा वाढवू नये. थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप आणि नैराश्य यांची तपासणी करून घ्यावी. एसएसआरआय गटातले नैराश्यावरचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोडिओला सुरूच करू नये, कारण प्रयोगशाळेत तिचे अर्क सेरोटोनिन मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या एन्झाइमला अडथळा करतात असे आढळले आहे, आणि एसएसआरआयही सेरोटोनिनच वाढवतात.