रोखे तारण ठेवून रेपोत पैसे उचलण्याआधी : एक मोकळा रोखा बाजूला ठेवा

सांगलीत एप्रिल-मे म्हणजे मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांची घाई. व्यापारी कॅश क्रेडिटची मर्यादा टोकापर्यंत वापरतात, लग्नसराईमुळे ठेवीही निघतात, आणि छोट्या सहकारी बँकेच्या ट्रेझरीत दोन-तीन आठवडे रोकड आखडते. तेव्हा हातातले सरकारी रोखे न विकता त्यांवर पैसे उचलायचा रस्ता म्हणजे रेपो : आज रोखा विकायचा आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या किमतीला परत घ्यायचा, हे एकाच करारात लिहून द्यायचं. २०२२ च्या मेमध्ये मी हेच केलं आणि त्यात एक गोष्ट विसरलो. जो पुढच्या हंगामात या खुर्चीवर बसेल त्याच्यासाठी ही तयारी लिहितो आहे.

रोखा आपल्याच खात्यात आहे ना, सही करणारे जागेवर आहेत ना, संचालक मंडळाने घालून दिलेल्या मर्यादेत आपण आहोत ना, हे तुम्ही बघालच. त्यावर वेळ घालवत नाही.

पहिलं काम, एसएलआरच्या वर आपल्याकडे नक्की किती रोखे आहेत ते काढा. ठेवींच्या १८ टक्के रक्कम सरकारी रोखे वगैरेंत अडकवून ठेवावीच लागते, तीच एसएलआर, आणि रेपोत दिलेला रोखा त्या काळात आपल्या एसएलआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे ताळेबंदात दोनशे कोटींचे रोखे दिसत असले तरी रेपोला देता येतील ते फक्त वरचे. आमच्याकडे त्या वेळी वरचे म्हणून ‘६.५४ टक्के २०३२’ या रोख्याचे दर्शनी ५० कोटी होते. तो तेव्हाचा दहा वर्षांचा मुख्य रोखा, रोज भरपूर उलाढाल असलेला, म्हणून देणाऱ्यालाही लगेच पसंत पडला.

दुसरं, किंमत बाजाराची धरा. आपल्या वहीत हा रोखा मुदतपूर्तीपर्यंत ठेवायच्या गटात खरेदीच्या भावाने लिहिलेला असतो, आणि तो आकडा रोज डोळ्यांसमोर असल्याने तोच खरा वाटू लागतो. पैसे देणाऱ्याला त्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं. रोख्यांचे रोजचे भाव जाहीर करणारी एफबीआयएल ही संस्था आहे, तो तिची त्या दिवसाची किंमत बघतो. २ मे २०२२ ला या रोख्याचा परतावा ७.१२ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे शंभराच्या रोख्याची किंमत साधारण ९६ रुपये. त्यात १७ जानेवारीपासून साचलेलं १ रुपया ९१ पैसे व्याज धरलं की ९७ रुपये ९१ पैसे. दर्शनी ५० कोटींचं बाजारमूल्य झालं ४८ कोटी ९५ लाख.

आता हेअरकट, म्हणजे देणारा बाजारमूल्यापेक्षा जेवढे टक्के कमी पैसे देतो ते. आमच्या करारात तो २ टक्के होता, म्हणून हातात ४७ कोटी ९८ लाख आले. वर राहिलेले ९७ लाख ही फी नाही आणि व्याजही नाही. व्याज वेगळं : ४ टक्क्यांनी १५ दिवसांचं ७ लाख ८९ हजार, ते परतफेडीत मिळवलेलं असतं. हेअरकटचे ९७ लाख म्हणजे देणाऱ्याने मागितलेलं जास्तीचं तारण, आणि मुदत संपली की ते रोख्यासोबत आपल्याकडे परत येतं. आमच्या कॅशिअरला वाटलं होतं की तेवढे पैसे कापून गेले. खर्चात टाकायला निघाला होता, वेळेवर थांबवलं.

देणारा हे जास्तीचं का मागतो, ते त्याच्या जागी बसून बघा. सरकारी रोखा बुडत नाही हे त्यालाही माहीत आहे. त्याची काळजी वेगळी आहे. समजा १७ मेला आपण पैसे परत केले नाहीत. मग त्याला तो रोखा बाजारात विकून वसुली करावी लागेल. आपण चुकलो हे कळणं, नोटीस, विक्री, यात एक-दोन दिवस जातात, आणि तेवढ्या काळात भाव खाली जाऊ शकतो. हेअरकट म्हणजे त्या मधल्या दिवसांतल्या घसरणीची उशी. म्हणूनच तो सगळ्या रोख्यांना सारखा नसतो. बाजारातला व्याजदर पाव टक्का वाढला तर ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाची किंमत शंभरामागे सहा-सात पैशांनी उतरते, दहा वर्षांच्या रोख्याची पावणेदोन रुपयांच्या आसपास. मुदत जितकी लांब तितकी उशी जाड. राज्य सरकारांच्या रोख्यांना गिऱ्हाईक कमी, घाईत विकायचे तर आणखी खाली उतरावं लागतं, म्हणून त्यांना केंद्राच्या रोख्यापेक्षा जास्त हेअरकट लागतो. आणि बाजारात भीती पसरली की रोखा तोच असूनही देणारा हेअरकट वाढवतो, म्हणून मुदत संपल्यावर त्याच अटींवर पुन्हा पैसे मिळतील असं गृहीत धरू नका.

इथपर्यंत मी सगळं बरोबर केलं होतं. आता माझी चूक.

उशी एकदाच भरून भागत नाही. करारात रोज नव्याने किंमत लावायची अट असते, आणि किंमत घसरून उशी पातळ झाली की देणारा ती पुन्हा भरून मागतो. त्याला मार्जिन कॉल म्हणतात. तो आला की रोकड द्यायची किंवा आणखी रोखे द्यायचे. रोकड नव्हती म्हणून तर रेपो केला होता. राहिले रोखे. आणि मी एसएलआरच्या वरचे ५० कोटी सगळेच्या सगळे देऊन बसलो होतो. एकही मोकळा रोखा बाजूला ठेवला नव्हता.

३ मेला अक्षय तृतीया आणि ईद, बाजार बंद. ४ मे, बुधवार, दुपारी दोन. पतधोरणाची कुठलीही ठरलेली बैठक नसताना रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केल्याचं जाहीर केलं, बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोकडीचं प्रमाण, म्हणजे सीआरआरही अर्ध्या टक्क्याने वाढवला. संध्याकाळपर्यंत दहा वर्षांचा परतावा ७.३८ टक्क्यांवर गेला. माझ्या रोख्याची किंमत ९६ वरून ९४ रुपये २५ पैशांच्या आसपास आली. साचलेलं व्याज धरून दर्शनी ५० कोटींचं मूल्य उरलं ४८ कोटी १० लाख. आमचं देणं ४७ कोटी ९८ लाख. म्हणजे ९७ लाखांच्या उशीतले फक्त १२ लाख राहिले. एका दुपारी. हेअरकट कशासाठी असतो ते मला तिथे खरं समजलं, कारण तो नसता तर देणाऱ्याचं तारण त्या संध्याकाळी कर्जापेक्षा कमी पडलं असतं.

गुरुवारी सकाळी मुंबईहून फोन आला. नव्या मूल्यावर २ टक्के वजा करून ४७ कोटी १४ लाखच देता येतात, तर ८४ लाख दुपारी बारापर्यंत भरा, किंवा तेवढ्याचे रोखे द्या.

आमचे अकाउंटंट काका म्हणाले, “साहेब, रोखे तर ढीगभर पडलेत की. त्यातला एक देऊन टाकू.”

“काका, ते एसएलआरचे आहेत. त्यातला एकही हलवला तर आज रात्री आपण १८ टक्क्यांच्या खाली.”

“मग देणार काय?”

उत्तर नव्हतं. आणि मार्जिन वेळेत भरलं नाही तर करार मोडल्याचं धरून देणारा रोखे त्याच पडलेल्या भावात विकू शकतो. शेवटी दुसऱ्या बँकेतली आमची एक ठेव मुदतीआधी मोडली, व्याजावर पाणी सोडलं, आणि पावणेबाराला पैसे गेले. घसरणीबद्दल माझी तक्रार नाही. भाव पडतात. मोकळा रोखा ठेवला नव्हता हे मात्र माझं होतं.

म्हणून सौदा बोलायच्या आधी, दर विचारायच्याही आधी, हा हिशेब कागदावर करा. दहा वर्षांच्या आसपासचा रोखा देणार असाल तर परतावा अर्धा टक्का वाढला असं धरा. शंभरामागे साधारण ३ रुपये ४० पैसे उतरतात. दर्शनी ५० कोटींवर १ कोटी ७० लाख. तेवढ्या बाजारमूल्याचा रोखा, एसएलआरच्या वरचा, कुठेही न अडकलेला, बाजूला हवा. मी आता अडीच कोटी ठेवतो, कारण बाजूला ठेवलेला रोखाही त्याच दिवशी पडतो आणि त्यावरही हेअरकट लागतो. जमलं तर बाजूला ट्रेझरी बिलच ठेवा. ते फारसं पडत नाही, देणाराही लगेच घेतो. आमच्या बाबतीत याचा अर्थ होता ५० कोटींऐवजी ४७ कोटींचे रोखे देऊन तीन कोटी कमी उचलायचे. शाखांना तीन कोटी कमी मिळाले असते तर एखाद्या व्यापाऱ्याला दोन दिवस थांबावं लागलं असतं. तेवढंच. ते ऐकवायला जड जातं म्हणून कुणी मोकळा रोखाही देऊन टाका म्हणेल, अगदी वरचे साहेबही म्हणतील. देऊ नका.

सही करण्याआधी करारात चार गोष्टी शोधा : किंमत कोणाची धरणार, किती रकमेच्या वर मार्जिन मागणार, किती वाजेपर्यंत भरायचं, आणि रोख्यांत भरलेलं चालेल का. शेवटची अट नसेल तर बाजूला ठेवलेला रोखा ऐनवेळी उपयोगाचा नाही, ती घालूनच घ्या. उलट बाजूही बघा : आपलं ९७ लाखांचं जास्तीचं तारण दुसऱ्याच्या हातात आहे, तेव्हा देणाराही भक्कम हवा. भाव चढला तर जास्तीचं परत मागायचा हक्क आपल्यालाही हवा.

मुदत ठरवताना कॅलेंडर बघा. आम्ही १४ ऐवजी १५ दिवस घेतले, कारण १६ मेला बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. रोख्याच्या व्याजाची तारीख मुदतीत येत नाही ना तेही बघा. या रोख्याची १७ जुलै होती, अडचण नव्हती.

चालू काळात रोज संध्याकाळी किंमत लावून उशी किती उरली ते वहीत लिहा, शेजारच्या रकान्यात मोकळा रोखा किती ते. परतफेडीच्या आदल्या दिवशी पैसे जमवा, रोखे खात्यात परत आले ते बघा, एसएलआरचा तक्ता दुरुस्त करा.

आणि मोकळा रोखा. आज सकाळी तपासलात का?