शोधनिबंध नियतकालिकाच्या लेखनशैलीत कसा बसवावा

मराठी संशोधनपत्रिकेकडे लेख पाठवला की संपादकांचे पहिले उत्तर पुष्कळदा मजकुराबद्दल नसते. ‘आमच्या लेखनशैलीनुसार दुरुस्त करून पाठवा’ एवढेच त्यात असते. हे काम वरून खाली वाचत, दिसेल ते सुधारत केले तर तिसऱ्या पानावर घेतलेला निर्णय विसाव्या पानावर आठवत नाही. म्हणून ते एका क्रमाने करावे. उदाहरणाला विहीर बागायतीवरचा एक लेख घेऊ. त्यातले एक वाक्य असे आहे:

‘15 ऑगस्ट, २०१८ ला एका शेतकर्‍याने 2.30 एकरवर आडसाली ऊस लावला, ऊसाला रु.125000/- खर्च आला.’

आधी निर्णयपत्रक

पत्रिकेच्या सूचना वाचा, पण तिथे थांबू नका. सूचनांमध्ये संदर्भ कसे द्यावेत हे सविस्तर असते आणि आकडे देवनागरी हवेत की नाहीत हे नसते, असे होतेच. त्यासाठी अलीकडचे दोन अंक उघडून छापलेले लेख पाहा. अंक कोणत्या लिपीत आहेत? तारखेत स्वल्पविराम आहे का? ‘२०१८मध्ये’ जोडून आहे की सुटे? उत्तरे एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर एकच रूप लिहा. आपल्या लेखासाठी ते असे ठरले: देवनागरी अंक, ‘१५ ऑगस्ट २०१८’ असा तारखेचा क्रम, शब्दयोगी अव्यय आकड्याला जोडून, लाखाच्या पद्धतीचे स्वल्पविराम, क्षेत्र हेक्टरमध्ये.

त्याच कागदावर ज्याला हात लावायचा नाही तेही लिहा: अवतरणे, पुस्तकांची व लेखांची शीर्षके, संस्थांची अधिकृत नावे, संकेतस्थळांचे पत्ते. संस्थेच्या नावात ‘कृषि’ असेल तर ते तसेच राहते, तुमच्या वाक्यात मात्र ‘कृषी’. फाइलमधले हे भाग आधीच रंगवून ठेवले की नंतर बदल करताना ते डोळ्यांना अडवतात.

दिसायला सारखे, आत वेगळे

शुद्धलेखनाला हात घालण्याआधी एक काम करावे लागते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो. ‘शेतकऱ्याने’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारांनी टंकता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक रूप शोधले तर दुसरे सापडेलच याची खात्री नसते. लेख दोघांनी मिळून लिहिला असेल किंवा त्यातला काही भाग फोनवर टंकला असेल, तर दोन्ही रूपे असण्याची शक्यता दाट. लिब्रे ऑफिस रायटरमध्ये Ctrl+H दाबा, Regular expressions निवडा आणि शोधायच्या चौकटीत हे घाला:

```
र्\u200D
```

बदलायच्या चौकटीत ‘ऱ्’ टाका. ‘ॲ’चेही असेच. ते एक अक्षर म्हणून किंवा ‘अ’वर चंद्र देऊन, असे दोन्ही प्रकारे येते, तेव्हा एक रूप धरा. तिसरी जागा विसर्गाची: ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकलेला असतो. दोन अक्षरांच्या मध्ये आलेले अपूर्णविराम शोधले की ते सापडतात, मात्र ‘स्वतः’सारख्या शब्दांचा शेवट वेगळा तपासावा लागतो.

शुद्धलेखन

बहुतेक पत्रिका मराठी साहित्य महामंडळाचे नियम मानतात. १९६२मध्ये १४ नियम ठरले, १९७२मध्ये त्यांत चारांची भर पडली. सगळे नियम पाठ करत बसण्यापेक्षा तुमच्या विषयात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करा. विहीर बागायतीच्या लेखात ती अशी निघेल: ऊस पण उसाला, विहीर पण विहिरीत, जमीन पण जमिनीचा. मूळ शब्दातले शेवटून दुसरे दीर्घ अक्षर विभक्तीच्या रूपात ऱ्हस्व होते. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत, म्हणून ‘शरीरात’ दीर्घच राहते. ‘सगळे बदला’ ही कळ इथे घात करते. एकेक जागा पाहून बदला, वेळ लागला तरी चालेल.

आकडे आणि तारखा

दोन लिपींतले अंक एकाच आकड्यात मिसळलेत का ते आधी पाहा:

```
[0-9][०-९]|[०-९][0-9]
```

मग नुसते `[0-9]` शोधा आणि जे रंगवलेले नाही तेवढेच बदला. पानांचे आणि तक्त्यांचे आपोआप पडणारे क्रमांक या शोधातून बदलत नाहीत. त्यांची लिपी क्रमांकनाच्या मांडणीत जाऊन बदलावी लागते.

तारखांमध्ये ‘२०१८-१९’ हा प्रकार फसवा आहे. ते आर्थिक वर्ष आहे, पीक वर्ष आहे की नुसती दोन वर्षे, हे पहिल्या उल्लेखाला एकदा सांगा. जुन्या कागदात शके असेल तर मूळ तसेच ठेवून चौकटी कंसात इसवी सन द्या. शके १८०५ चैत्रात सुरू झाले तेव्हा १८८३ चालू होते आणि ते संपले १८८४मध्ये. महिना माहीत नसेल तर ‘१८८३-८४’ असेच लिहावे, कारण सरसकट ७८ मिळवले की पौषानंतरच्या नोंदी एका वर्षाने चुकतात.

एकके

इथे चूक झाली तर नुसती शैली नाही, माहितीच बिघडते. आपल्या वाक्यातले ‘2.30 एकर’ म्हणजे काय? शेतकऱ्याच्या तोंडी ते २ एकर ३० गुंठे असते. एकराचे गुंठे ४०, म्हणून ते २.७५ एकर, म्हणजे सुमारे १.११ हेक्टर. दशांश समजून रूपांतर केले तर ०.९३ हेक्टर येते. फरक १८ आरचा, म्हणजे जवळजवळ १८ गुंठ्यांचा. म्हणून रूपांतर करण्यापूर्वी सर्वेक्षणाच्या वहीत किंवा सातबाऱ्यावर पडताळा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमाने असते, तिथला दुसरा ठिपकाही दशांशाचा नव्हे.

उलट बाजूने खोटी अचूकताही नको. ‘सुमारे ३ एकर’चे ‘१.२१४ हेक्टर’ होत नाही, ‘सुमारे १.२ हेक्टर’ पुरे. धरणाचे पाणी टीएमसीमध्ये असेल आणि पत्रिकेला दलघमी हवे असेल, तर एका टीएमसीला २८.३ दलघमी धरा. मुलाखतीतल्या माणसाच्या शब्दांत मात्र एकर असतील तर एकरच राहू द्या आणि हेक्टर चौकटी कंसात द्या.

आता वाक्य असे होते: ‘१५ ऑगस्ट २०१८ला एका शेतकऱ्याने १.११ हेक्टरवर आडसाली ऊस लावला. उसाला १,२५,००० रुपये खर्च आला.’

शेवटी आलेख उघडा. चित्र म्हणून चिकटवलेल्या आलेखातला मजकूर कोणत्याही शोधाला सापडत नाही, त्यामुळे मजकुरात हेक्टर आणि अक्षावर ‘Area (acre)’ अशी स्थिती राहून जाते. असा आलेख मूळ फाइलमधून पुन्हा काढा आणि एकक बदलताना अक्षावरचे आकडेही रूपांतरित करा, नुसते नाव बदलून भागत नाही.