होर्डिंगवरची जाहिरात बदलताना काळ्या रंगाकडे बघा

तावडे हॉटेल चौकातल्या होर्डिंगचा फोटो होता. Photoshop मध्ये जुनी जाहिरात काढून तिथं गुळाची नवी बसवायची होती. मी तीन रात्री घातल्या आणि गिऱ्हाईक बघताक्षणी म्हणालं, "भावा, चिकटवल्यासारखं दिसतंय की!" ते अजून मनाला लागतं.

कोपरे जुळवणं तुम्हाला येतंच. फक्त होर्डिंग 20 बाय 10 फुटांचं असेल तर डिझाइन आधीच 2:1 मापात करा, त्याचं Smart Object करा आणि मग Distort नं ओढा. माप चुकलं तर कोपरे बसूनही अक्षरं फताडी दिसतात.

माझं घोडं पेंड खाल्लं ते उन्हात. जुन्या फ्लेक्सवरच्या सुरकुत्या, धूळ, पावसाचे ओघळ मी Multiply नं नव्या जाहिरातीवर घेतले आणि वाटलं, झालं काम. पण Multiply फक्त गडद करतं. उन्हाची चकाकी म्हणजे वरून पडलेला जादा उजेड, तो त्यातून येणारच नाही. माझी काळी अक्षरं कोळशासारखी शून्यावर बसली होती. जुन्या जाहिरातीतलं काळं आयड्रॉपरनं मोजलं, तर वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं ऊन थेट होतं, 0 ते 255 च्या मापात 80 च्या आसपास निघालं आणि खाली उजवीकडं 40. भर उन्हात फ्लेक्सवरचं काळं राखाडीच दिसतं!

म्हणून जुनी जाहिरात पुसायच्या आधी तिच्यातल्या काळ्याचे तीन-चार ठिकाणचे रंग टिपून ठेवा. हे विसरू नका, मी विसरलो होतो. त्याच रंगांचा ग्रेडियंट सगळ्यात वरच्या थरावर, फक्त होर्डिंगपुरता ओढा आणि थर Screen वर ठेवा. शुद्ध काळ्यावर Screen टाकलं की थराचाच रंग उमटतो, त्यामुळं अंदाज बांधावा लागत नाही. पांढरं जवळपास तसंच राहतं, काळं मात्र जागेवर येतं. रंग टिपताना पिवळसर झाकही येऊ द्या, नुसता राखाडी घेऊ नका.

सुरकुत्यांचा थर याच्या खाली ठेवायचा. जुन्या फ्लेक्सचा मोकळा पांढरा भाग घ्या, रंग काढून टाका, कोरी जागा पूर्ण पांढरी होईपर्यंत Levels ओढा, मग Multiply. जुन्या जाहिरातीत मोकळी जागाच नसेल तर झटापट करू नका, दुसरा फोटो मागा. त्यात कमीपणा नाही.

तयार मॉकअप वापरून कुणी शिकलेलं मी पाहिलं नाही. त्यातलं ऊन तुमच्या फोटोतलं नसतं. आणि जो दादा तुमच्या हातातला माऊस घेऊन दोन मिनिटांत करून देतो, त्याला हात जोडून सांगा, "तुम्ही नुसतं बोला, मी करतो."

दिसायला बरं वाटलं की वर तात्पुरता Black & White थर टाकून बघा. रंग गेल्यावर होर्डिंग शेजारच्या सावल्यांपेक्षा काळं दिसलं तर ग्रेडियंट अजून कमी पडतोय. गुळाचं काम मी असंच दुरुस्त केलं, चाळीस मिनिटांत.